ट्रेडिंगमधला नफा आणि घर चालवणारे उत्पन्न

नोकरी सोडून पूर्णवेळ ट्रेडिंग करावे की नाही, या चर्चेत दोन गोष्टींची हटकून गल्लत होते. एक म्हणजे सौद्यांतून झालेला नफा आणि दुसरे म्हणजे त्यावर घर चालेल असे उत्पन्न. दोन्ही रुपयांतच मोजले जातात, त्यामुळे 'गेल्या महिन्यात 50 हजार सुटले' हे वाक्य ऐकणाऱ्याला 50 हजार पगारासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या आकड्यात भांडवलाचे भाडे, अंगावर घेतलेल्या जोखमीचा मोबदला आणि स्वतःच्या श्रमाची मजुरी अशा तीन गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि पगाराशी तुलना फक्त तिसऱ्या गोष्टीची होऊ शकते.

समजा, एखाद्याने 10 लाख रुपयांच्या भांडवलावर ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी किंवा विक्री करण्याचे हक्क, विकून महिन्याला सरासरी 25 हजार, म्हणजे वर्षाला 3 लाख मिळवले. हेच 10 लाख सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत असते, तर काहीही न करता 70 हजार आले असते. मग जोखमीचा मोबदला आणि वर्षभर स्क्रीनसमोर बसण्याची मजुरी मिळून उरतात 2 लाख 30 हजार, आणि तेसुद्धा एकही वाईट दिवस आला नाही तर. पगाराचा वाईटातला वाईट महिना म्हणजे शून्य. ट्रेडिंगचा वाईट महिना शून्याच्या खाली जातो आणि ज्या भांडवलातून पुढची कमाई व्हायची, तेच कुरतडतो.

हा वाईट दिवस कसा असतो, हे 4 जून 2024 रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी दिसले. आदल्या दिवशी निफ्टी 23,264 च्या आसपास बंद झाला होता. 6 जूनला निर्देशांक 22,500 च्या खाली बंद होणार नाही, असा अंदाज बांधून आपल्या या ट्रेडरने त्या दिवशी संपणारा 22,500 चा पुट, म्हणजे त्या भावाने विकण्याचा हक्क, विकला, असे धरू. तेव्हा निफ्टीचा लॉट 25 चा होता, त्यामुळे आठ लॉट म्हणजे 200 नग झाले. प्रीमियम, म्हणजे या हक्काची किंमत, नगामागे 60 रुपये मिळाला असे मानले, तर जास्तीत जास्त कमाई 12 हजार. मतमोजणीच्या दिवशी निफ्टी 21,281 पर्यंत घसरला. त्या पातळीला या पुटचे केवळ अंगभूत मूल्यच, म्हणजे 22,500 आणि निर्देशांक यांतला फरक, 1,219 रुपये होते, म्हणजे कागदावरचा तोटा किमान 2 लाख 31 हजार. बाजारातली घबराट प्रीमियममध्ये मिसळते ती वेगळीच. नऊ महिन्यांची कमाई काही तासांत गेली.

आता यातला खरा बोचणारा भाग असा की, अंदाज चुकला नव्हता. 6 जूनला निफ्टी 22,821 वर बंद झाला आणि तो पुट कवडीमोल होऊन संपला. ज्याला तीन दिवस थांबता आले, त्याला पूर्ण प्रीमियम मिळाला. पण पदर फाटका असेल तर थांबता येत नाही. मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवावी लागणारी तारण रक्कम, कमी पडले की ब्रोकर सौदा परस्पर कापतो, आणि तो बहुधा सर्वांत वाईट भावाला कापला जातो. ज्याच्या घरखर्चाचे आणि गृहकर्जाच्या हप्त्याचे पैसे याच खात्यातून निघतात, त्याच्याकडे मार्जिनसाठी जादा रक्कम नसते. म्हणजे नोकरी सोडल्याने ट्रेडिंगला वेळ मिळतो खरा, पण टिकून राहण्याची ताकद घटते. पूर्णवेळ ट्रेडिंगच्या जाहिरातीत ही देवाणघेवाण कोणी सांगत नाही.

ऑप्शन विकत घेणाऱ्याला अमर्याद तोट्याची भीती नाही, पण त्याचे खाते खर्चाने झिजते. निफ्टीचा 2025 मधला 75 नगांचा एक लॉट 100 रुपयांना घेऊन 104 ला विकला, तर नफा 300 रुपये दिसतो. दोन्ही ऑर्डरची मिळून 40 रुपये दलाली, तेव्हा विक्रीच्या प्रीमियमवर लागू असलेल्या 0.1 टक्के दराने एसटीटी हा व्यवहार कर, एक्स्चेंजचे शुल्क आणि जीएसटी धरून सुमारे 60 रुपये कापले जातात. असे रोज पाच सौदे केले, तर वर्षाच्या साधारण 245 दिवसांत 73 हजारांहून अधिक खर्च होतो. पाच लाखांच्या खात्यासाठी हा जवळपास 15 टक्क्यांचा अडथळा आहे, आणि खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक त्यात धरलेला नाही.

मग समाजमाध्यमांवर दिसणारे लाखांचे स्क्रीनशॉट खोटे असतात का? बरेचदा ते खरेच असतात, पण अपुरे असतात. त्यात भांडवल किती हे नसते, खर्च वजा केलेला नसतो, आणि हा एकाच माणसाच्या तीन खात्यांपैकी हिरवे दिसणारे खाते आहे का, हे कळत नाही. विचारायचेच असेल तर दिवसाचा नफा विचारू नये. सलग तीन वर्षांचे ब्रोकरचे लेजर आणि आयटीआर-3 विवरणपत्र विचारावे, कारण फ्युचर्स-ऑप्शन्सचा नफा-तोटा व्यवसाय उत्पन्न म्हणून तिथे दाखवावा लागतो. 'बाप ऑफ चार्ट' या नावाने समाजमाध्यमांवर ट्रेडिंग शिकवणाऱ्याच्या प्रकरणात ऑक्टोबर 2023 च्या अंतरिम आदेशात बाजार नियामक सेबीने 17 कोटी 20 लाख रुपये जमा करण्यास सांगितले. ही रक्कम शिकवणीच्या नावाखाली लोकांकडून गोळा झाली होती, आणि त्याच आदेशानुसार त्या शिक्षकाच्या स्वतःच्या ट्रेडिंगमध्ये कोट्यवधींचा तोटा होता. इथे उत्पन्न होते, पण ते बाजारातले नव्हते.

सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत इक्विटी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा मिळवणारे केवळ एक टक्का होते, आणि पुण्या-मुंबईत एक लाख म्हणजे काही वर्षभराचे घरभाडेही नव्हे.

ज्याला हे काम खरोखर आवडते, त्याने नोकरी चालू ठेवून एका वेगळ्या खात्यात बुडाली तरी घर हलणार नाही एवढीच रक्कम ठेवावी आणि बाकीची बचत निर्देशांक फंडाच्या एसआयपीत जाऊ द्यावी. दिवसभर स्क्रीन पाहणे नोकरीत शक्य नसते, म्हणून सौदे डिलिव्हरीचे, म्हणजे शेअर प्रत्यक्ष खात्यात घेण्याचे, आणि काही आठवड्यांच्या मुदतीचे असावेत. यात खर्चही कमी होतो. किमान दोन वर्षे, शक्यतो बाजाराची एक मोठी घसरण अनुभवेपर्यंत, खर्च व कर वजा करून खात्याचा परतावा त्याच काळातल्या फंडाच्या परताव्याशी ताडून पाहावा. फंड पुढे असेल, तर सगळी मेहनत उणे मजुरीची ठरली. खाते पुढे असेल, तरी जास्तीची रक्कम भांडवलाच्या किती टक्के आहे ते पाहून, वर्षाचा घरखर्च भागवायला किती भांडवल लागेल हा उलटा हिशेब करावा. वर्षाला 6 लाख खर्च आणि फंडापेक्षा 5 टक्के जास्त कमाई असेल, तर निव्वळ कौशल्यावर घर चालवायला 1 कोटी 20 लाख लागतात.

बाजारातच करिअर हवे असेल, तर दुसऱ्याच्या भांडवलावर पगारी काम करण्याचा रस्ता आहे. ब्रोकरकडे इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जच्या डीलरला एनआयएसएम या संस्थेची मालिका आठ ही परीक्षा उत्तीर्ण असावे लागते. संशोधन विश्लेषक, जोखीम नियंत्रण आणि सौदापूर्ती विभाग यांतही जागा असतात. तिथे 4 जूनसारखा दिवस उजाडला, तरी महिन्याचा पगार खात्यात येतो.