कायमचं गिऱ्हाईक कोण? यादी पाठवताना बेरीज नको, तारखा हव्यात

गिऱ्हाइकांची विभागणी करून त्यांना ऑफर पाठवायला आमच्याकडे यादी देणाऱ्या जवळपास प्रत्येक दुकानदाराचा पहिला मेसेज सारखाच असतो, "वर्षभरात कोणी किती खरेदी केली ती बेरीज पाठवलीय, त्यातले वरचे पन्नास कायमचे धरा आणि त्यांना ऑफर पाठवा." मग आम्ही परत फोन करून तारखा मागतो, तुम्ही परत बिलं काढायला बसता, आणि दोन दिवसांचं काम दहा दिवसांवर जातं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

बेरीज का चालत नाही ते बघा. समजा तिघांची वर्षाची बेरीज १२ हजार आहे. पहिल्याची हजार-हजारची १२ बिलं, शेवटचं ९ दिवसांपूर्वीचं. दुसऱ्याची तीन-तीन हजारांची ४ बिलं, शेवटचं ४० दिवसांपूर्वीचं. तिसऱ्याचं बिल एकच, १२ हजारांचं, ११ महिन्यांपूर्वीचं. बेरजेच्या रकान्यात तिघं एका ओळीत बसतात, आणि खरं तर पहिला कायमचा आहे, दुसरा अधूनमधून येणारा आणि तिसरा एकदाच येऊन गेलेला. या तिघांना एकच मेसेज पाठवला तर पहिल्याला फुकट सूट जाते आणि तिसऱ्यावरचा खर्च बहुतेक वाया जातो. टपालाने कॅटलॉग पाठवून माल विकणारे लोक कॉम्प्युटर यायच्या आधीपासून शेवटची खरेदी कधी, किती वेळा आणि कितीची, या तीन गोष्टी बघत आलेत, कारण त्यांना प्रत्येक नावामागे छपाई आणि टपालखर्च पडायचा. तुम्हाला मेसेज स्वस्त पडतो पण सूट स्वस्त पडत नाही, त्यामुळे हिशोब तोच राहतो.

आता यातली सगळ्यात जास्त होणारी चूक. ज्याचं एकच बिल आहे त्याला सरसकट "एकदाच आलेला" म्हणायचं नाही. १२ दिवसांपूर्वी पहिल्यांदा आलेल्या माणसाचंही बिल एकच असतं पण तो नवीन आहे, त्याला परत यायला अजून वेळच मिळालेला नाही. त्यासाठी आम्ही काय करतो, यादीत ज्यांची दोन किंवा जास्त बिलं आहेत त्यांच्या पहिल्या आणि दुसऱ्या बिलामधलं अंतर काढतो आणि त्यातले चारातले तीन जण किती दिवसांत परत आले ते बघतो. समजा ७५ दिवस निघाले, तर ७५ दिवस व्हायच्या आत कोणालाही एकदाच आलेला म्हणत नाही, तो नवीन म्हणून वेगळा राहतो. यादी किमान वर्षभराची मागतो ती याचसाठी, तीन महिन्यांच्या यादीत उशिरा परत येणारे दिसतच नाहीत आणि आकडा खोटाच कमी येतो.

कायमच्या गिऱ्हाइकाचंही तसंच, "तीन महिने आला नाही की गेला" असा एक नियम सगळ्यांना लावता येत नाही, प्रत्येकाची स्वतःची लय असते. एकाच्या भेटींमधली अंतरं २८, ३१, २७, ९० आणि ३० दिवस अशी आहेत असं धरा. सरासरी काढली तर ४१ येते, पण तो ४१ दिवसांनी कधीच आलेला नाही, ते ९० एकदाच झालं, कदाचित बाहेरगावी गेला असेल. अंतरं लहान-मोठी क्रमाने लावून मधलं घेतलं की ३० येतं, आणि ही त्याची खरी लय. आम्ही लयीच्या दुप्पट दिवस थांबतो, म्हणजे ६० दिवस उलटले की नाव तुमच्याकडे येतं, फोन करा म्हणून. सरासरीवर चाललो असतो तर ८२ दिवसांनी कळलं असतं, तीन आठवडे उशिरा, आणि तोवर त्याला दुसरीकडे जायची सवय लागलेली असते. हा फोन मात्र तुम्हीच करायचा, आमच्याकडून गेलेल्या मेसेजने ते काम होत नाही.

ऑफर कोणाला, यावर आमचं मत थोडं वेगळं आहे आणि त्यावरून आमच्याशी वादही होतात. १०० च्या विक्रीत तुम्हाला २० सुटत असतील आणि तुम्ही १० टक्के सूट दिलीत तर हातात १० राहतात, म्हणजे तेवढाच नफा मिळवायला विक्री दुप्पट लागते. कायमचा माणूस तर सूट नसतानाही येणारच होता. त्याला सूट देण्यापेक्षा त्याचा माल बाजूला काढून ठेवा, नवीन आलेलं आधी त्याला कळवा, तक्रार असेल तर त्याच दिवशी मिटवा. सूट खर्च करायचीच तर अधूनमधून येणाऱ्यावर करा, आणि तिची मुदत त्याच्या लयीपेक्षा आधी संपली पाहिजे. ७० दिवसांनी येणाऱ्याला आजच्या बिलासोबत ९० दिवसांचं कूपन दिलं तर तो ७०व्या दिवशी आपल्या वेळेला येईल आणि कूपन वापरून जाईल, तुम्हाला काय मिळालं? तेच ५० दिवसांत संपणारं असेल तर तो एक भेट अलीकडे ओढतो. एकदाच आलेल्यांना एक मेसेज, फार तर दोन, मग नाद सोडायचा. आणि ज्यांनी मेसेज नको म्हणून सांगितलंय ती नावं आधीच काढून द्या.

"माझ्या यादीतल्या काही जणांना मेसेजच गेला नाही" अशी तक्रार बऱ्याचदा येते. त्यांना आम्ही मुद्दाम बाजूला ठेवतो. समजा २०० अधूनमधून येणारे आहेत, १५० जणांना ऑफर पाठवली आणि ५० जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं कोणताही विचार न करता बाजूला ठेवलं. महिन्याभरात १५० मधले ४५ आले, म्हणजे ३० टक्के, आणि ऑफर न मिळालेल्या ५० मधले १० आले, म्हणजे २० टक्के. मग ऑफरमुळे ४५ आले असं म्हणता येणार नाही, १५० मधले ३० तसेही आले असते, वाढले ते साधारण १५, आणि सूट मात्र ४५ जणांना गेली. हे ५० बाजूला नसते तर तुम्हाला ही ऑफर खूपच चालली असं वाटलं असतं, आणि आम्हालाही तसं सांगणं सोपं होतं! पण ५० माणसांत दोन-तीनचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो, म्हणून आम्ही एकाच फेरीवर निकाल देत नाही, दोन-तीन फेऱ्या एकत्र मोजतो. जे बाजूला राहिले त्यांना पुढच्या फेरीत ऑफर जाते.

तुमचा माल माणूस पाच-सात वर्षांतून एकदाच घेत असेल तर ही विभागणी आमच्याकडून करून घेऊ नका, तिथे जवळपास सगळेच "एकदाच आलेले" निघतात. तिथे कोणी कोणाला पाठवलं ते बिलावर लिहून ठेवणं जास्त कामाचं आहे, त्याचा तक्ता आम्ही वेगळा करून देतो.

यादी पाठवताना प्रत्येक बिलाची एक ओळ, तीनच रकाने: तारीख, मोबाईल नंबर, रक्कम. नाव नसलं तरी चालेल. परत केलेल्या मालाची रक्कम उणे लिहा. घरातली दोन माणसं दोन नंबर देत असतील आणि तुम्हाला ते माहीत असेल तर एकच नंबर करा, नाहीतर चांगलं कायमचं गिऱ्हाईक आमच्या यादीत अर्धं-अर्धं होऊन दोन अधूनमधूनचे होतात. हाताने लिहिलेली वही असेल तर पानांचे फोटो पाठवा, टाईप आम्ही करून घेऊ, फक्त त्याला चार दिवस जास्त धरा.