डायइलेक्ट्रिक ध्रुवीकरण आणि वारंवारतेनुसार बदलणारी पर्मिटिव्हिटी

विद्युत क्षेत्रात ठेवलेल्या निरोधक पदार्थातले धन आणि ऋण भार एकमेकांपासून किंचित सरकतात. या सरकण्याला ध्रुवीकरण म्हणतात. ते जितके जास्त, तितका त्याच व्होल्टेजला कपॅसिटरच्या पट्ट्यांवर अधिक भार साठतो. मोकळ्या जागेच्या तुलनेत हा साठा किती पट होतो, ते सापेक्ष पर्मिटिव्हिटी सांगते. मात्र प्रत्येक प्रकारच्या सरकण्याला थोडा वेळ लागतो. क्षेत्राची दिशा त्याहून वेगाने उलटू लागली की तो प्रकार मागे पडतो आणि पर्मिटिव्हिटीतला त्याचा वाटा गळून जातो.

सर्वांत चपळ इलेक्ट्रॉन. अणूभोवतीचा त्यांचा ढग दृश्य प्रकाशाच्या वारंवारतेलाही साथ देतो. आयन त्याहून जड असल्याने अवरक्त पट्ट्यात थकतात. ॲल्युमिनियम ऑक्साइडची पर्मिटिव्हिटी साधारण 9 असते आणि त्यातला मोठा वाटा आयनांचा; प्रकाशाच्या वारंवारतेला फक्त 3 च्या आसपास उरते. कायमचे द्विध्रुव असलेल्या रेणूंना किंवा त्यांच्या गटांना वळावे लागते आणि वळताना शेजाऱ्यांशी झटावे लागते, म्हणून त्यांची मर्यादा पदार्थानुसार आणि तापमानानुसार फार बदलते. दोन पदार्थांच्या सीमेवर भार साचून होणारे ध्रुवीकरण सर्वांत संथ असते.

यांपैकी कपॅसिटर वापरणाऱ्याला सर्वाधिक त्रास द्विध्रुव देतात. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएस्टर या दोन फिल्म शेजारी ठेवल्या की ते स्वच्छ दिसते. पॉलिप्रॉपिलीनचा अपवर्तनांक सुमारे 1.49 आहे. त्याचा वर्ग 2.2, आणि 1 किलोहर्ट्झला मोजलेली पर्मिटिव्हिटीही 2.2! प्रकाशाच्या वारंवारतेला फक्त इलेक्ट्रॉन हलतात; म्हणजे या फिल्ममध्ये किलोहर्ट्झलाही हलणारे जवळजवळ तेवढेच आहेत. पॉलिएस्टरच्या साखळीत मात्र एस्टर गट असतात आणि त्यांतला कार्बन-ऑक्सिजन बंध ध्रुवीय असतो. हे गट वळतात, म्हणून 1 किलोहर्ट्झला पर्मिटिव्हिटी सुमारे 3.25 मिळते. 1 मेगाहर्ट्झला ती 3.0 आणि 1 गिगाहर्ट्झला 2.8 च्या आसपास उतरते. त्याच आकारात जास्त धारिता देणारा हा गुणच पुढे महागात पडतो.

कारण गट जेव्हा क्षेत्राच्या मागे रेंगाळतात, तेव्हा घर्षणासारखी उष्णता निर्माण होते. ती tan δ या अपव्यय गुणकाने मोजतात. पीटर डिबाय यांच्या सोप्या प्रतिमानात सर्व द्विध्रुवांचा शिथिलन काल τ, म्हणजे वळून स्थिरावायला लागणारा वेळ, एकच असतो. ω म्हणजे वारंवारतेची 2π पट. या प्रतिमानात ωτ = 1 या वारंवारतेला ऊर्जेचे शोषण शिखर गाठते आणि नेमक्या त्याच पट्ट्यात पर्मिटिव्हिटी उतरते. उतार आणि उष्णता या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. प्रत्यक्ष पॉलिमरमध्ये प्रत्येक गटाचा परिसर वेगळा, त्यामुळे τ अनेक असतात. म्हणूनच पॉलिएस्टरचे शिखर टोकदार न राहता वारंवारतेच्या कित्येक दशपटींवर पसरते: tan δ 1 किलोहर्ट्झला सुमारे 0.005, तर 1 मेगाहर्ट्झला 0.016.

याचा अर्थ एका उदाहरणात पाहू. 0.1 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर 100 किलोहर्ट्झचे 30 व्होल्ट (आरएमएस) आहेत. त्यात खर्च होणारी शक्ती V²ωC tan δ. यातला V²ωC हा भाग सुमारे 56.5 येतो. पॉलिएस्टरसाठी tan δ 0.01 धरला तर 0.57 वॅट उष्णता होते आणि नखाएवढ्या डबीला ती बाहेर टाकणे जड जाते. पॉलिप्रॉपिलीनसाठी 0.0003 धरा: फक्त 0.017 वॅट. मीटरवर 1 किलोहर्ट्झला दोन्ही भाग निर्दोष दिसतात. दोष शोधायचा तर धारिता आणि tan δ कामाच्या वारंवारतेलाच मोजायला हवेत. वारंवारता वाढवताना धारिता काही टक्क्यांनी उतरली, तर त्या पट्ट्यात द्विध्रुव रेंगाळत आहेत असा संशय घ्यावा. मात्र जोडतारांचे इंडक्टन्स मोठ्या वारंवारतेला धारिता वाढल्याचा भास देते आणि हा उतार झाकू शकते, तेव्हा तारा आखूड ठेवाव्यात.

तापमानाकडेही लक्ष हवे. ऊब मिळाली की गट लवकर वळतात आणि शिखर वरच्या वारंवारतेकडे सरकते. त्यामुळे 25 अंशांना मोजलेला tan δ 70 अंशांना लागू पडत नाही. पुढे 100 अंश सेल्सियसच्या वर पॉलिएस्टरच्या साखळीचे मोठे तुकडे हलू लागतात आणि कमी वारंवारतेलाही अपव्यय पुन्हा चढतो.

पॉलिप्रॉपिलीनची मर्यादा वेगळी आहे. पर्मिटिव्हिटी कमी असल्याने तेवढ्याच धारितेसाठी भाग मोठा होतो, आणि साधारण 105 अंशांपलीकडे ही फिल्म वापरत नाहीत. म्हणून एकदिश पुरवठ्याच्या बायपासमध्ये, जिथे प्रत्यावर्ती व्होल्टेज नाममात्र असते, तिथे लहान आकाराचा पॉलिएस्टरच योग्य ठरतो. रेझोनंट परिपथात किंवा स्विचवरचे व्होल्टेजचे झटके शमवणाऱ्या स्नबरमध्ये मात्र पॉलिप्रॉपिलीन लागतो.