डाव नेमका कुठे फिरला?

“बुद्धिबळाच्या चाली तपासणाऱ्या संगणकी इंजिनाच्या आलेखात सर्वात मोठी उडी दिसते, तिथेच डाव हातातून जातो ना?”

नाही. दादरच्या एका स्पर्धेतला काळ्या मोहऱ्यांनी हरलेला डाव घ्या. 34व्या चालीत काळ्याचा उंट फुकट गेला आणि पांढरा किती प्याद्यांनी पुढे आहे हे सांगणारा इंजिनाचा आकडा +6 वरून +9 झाला. 19व्या चालीत मात्र तो -0.4 वरून +1.4 इतकाच सरकला होता. त्या खेळाडूचं खापर अर्थातच बिचाऱ्या उंटावर!

पण +6 ला डाव गेलेलाच असतो. म्हणून आकडा जिंकण्याच्या शक्यतेत बदलायचा. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाचं सूत्र असं, `cp` म्हणजे तोच आकडा प्याद्याच्या शंभराव्या भागांत:

```
100/(1+exp(-0.00368208*cp))
```

हे पांढऱ्याचे टक्के, 100 मधून उरलेले काळ्याचे. यातून 34व्या चालीत काळ्याची शक्यता 10 टक्क्यांवरून साडेतीनवर आली. 19व्या चालीत ती सुमारे 54 वरून 37 वर घसरली. डाव फिरला तो इथे.

अर्थात, पुढच्याच चालीत पांढऱ्यानेही चूक केली असती, तर ही जागा धरता आली नसती. घसरण टिकली का, हे पाहावं लागतं. शिवाय संशयित चालीवर इंजिन जास्त खोलीपर्यंत चालवा; घाईच्या विश्लेषणातली उडी कधीकधी तिथे विरून जाते.