मेकअप शिकवणाऱ्या चॅनलचं पोट कशावर चालतं: मागची दीड-दोन दशकं

मेकअप शिकवणाऱ्या चॅनलला आज तीन वाटांनी पैसे येतात: व्हिडिओवरच्या जाहिराती, ब्रँडकडून पैसे घेऊन केलेले व्हिडिओ आणि विकलेले कोर्स. या तिन्ही वाटा एकदम उघडल्या नाहीत. प्रत्येकीचे नियम कुठल्या ना कुठल्या खटक्यानंतर ठरले, आणि नव्याने चॅनल काढणाऱ्या ब्युटिशियनला ते खटके माहीत नसले की तीच ठेच पुन्हा लागते.

यूट्यूबने मे 2007 मध्ये निवडक लोकांना जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकेत मिशेल फान नावाची विशीतली मुलगी मेकअपचे व्हिडिओ टाकू लागली. काजळ कसं ओढायचं, पापणीवर कुठला रंग कुठे थांबवायचा, हे ती हळू आवाजात टप्प्याटप्प्याने सांगायची. 2010 मध्ये लँकोमने तिला आपली अधिकृत व्हिडिओ मेकअप आर्टिस्ट नेमलं. 2011 मध्ये ती एका कंपनीची सहसंस्थापक झाली. ही कंपनी दर महिन्याला ठरावीक रकमेत सौंदर्यप्रसाधनांचे नमुने घरपोच पाठवायची आणि पुढे इप्सी या नावाने ओळखली गेली. 2013 मध्ये लॉरिआलबरोबर तिची स्वतःची उत्पादनं बाजारात आली. इंग्लंडमध्ये पिक्सीवू चॅनलवर शिकवणाऱ्या दोन मेकअप आर्टिस्ट बहिणींपैकी सॅम चॅपमनच्या नावाने 2011 मध्ये रिअल टेक्निक्स हे ब्रश आले. या दोन्ही उदाहरणांत मोठा पैसा चॅनलच्या बाहेर उभा राहिला. जाहिरातींनी ओळख मिळवून दिली, कमाई त्या ओळखीवर झाली.

2014 मध्ये अल्ट्रा रेकॉर्ड्सने फानवर दावा ठोकला. व्हिडिओंच्या पार्श्वभूमीला वापरलेल्या गाण्यांची परवानगी नव्हती, असं कंपनीचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी तडजोड झाली. हे प्रकरण जुनं असलं तरी मला ते आजही महत्त्वाचं वाटतं. नववधूच्या मेकअपवर गाजलेलं सिनेमातलं गाणं लावलं की व्हिडिओ छान दिसतो, पण हक्क सांगणारी कंपनी आली की त्या व्हिडिओचे जाहिरातीचे पैसे तिच्याकडे वळतात. मेहनत आपली आणि पैसे तिला. यूट्यूबच्या स्वतःच्या मोफत संगीतसंग्रहातली चाल लावली तर ही वेळ येत नाही.

जाहिरातीच्या वाटेचे निकष नंतर कडक झाले. जानेवारी 2018 पासून 1,000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4,000 तास पाहणं, अशी अट आली. जुलै 2020 मध्ये मधोमध जाहिरात लावण्यासाठीची किमान लांबी 10 मिनिटांवरून 8 मिनिटांवर आली. भारतात 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स इथेच आजमावायला घेतले आणि मेकअपचं बरंचसं शिक्षण 30 सेकंदांत कोंबलं गेलं. पैशाचा हिशेब मात्र वेगळा राहिला. लांब व्हिडिओच्या जाहिरातीतून निर्मात्याला 55 टक्के मिळतात, शॉर्ट्सला फेब्रुवारी 2023 पासून 45 टक्के, तेही सगळ्यांच्या एकत्रित गल्ल्यातून आणि गाण्यांचा खर्च वळता झाल्यावर.

इथे दोन आकड्यांची गल्लत हमखास होते. सीपीएम म्हणजे जाहिरातदार 1,000 वेळा जाहिरात दिसण्यासाठी मोजतो ती रक्कम. आरपीएम म्हणजे 1,000 व्ह्यूजमागे आपल्या हातात पडणारी रक्कम. हिशेब दुसऱ्यावर करायचा. समजा, एका मराठी चॅनलला महिन्याला 2 लाख व्ह्यूज आहेत आणि आरपीएम 40 रुपये धरला, तर हाती आले 8,000 रुपये. दिवाळीच्या आधी जाहिरातदारांची चढाओढ असल्याने हा दर चढतो, जानेवारीत उतरतो. एवढ्यावर स्टुडिओचं भाडंही निघत नाही, म्हणून ब्रँडचा ईमेल आला की मन लगेच तयार होतं.

ब्रँडच्या वाटेवर भांडण झालं ते लपवाछपवीवरून. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्ये आपल्या सूचना बदलल्या: ब्लॉगवर लिहिणाऱ्याने पैसे किंवा फुकट माल घेतला असेल तर ते सांगायलाच हवं. मे 2015 मध्ये ब्रिटनच्या जाहिरात मानक संस्थेने प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या ब्युटी रेकमेंडेड चॅनलवरच्या एका ओठांच्या मेकअपच्या धड्यावर बोट ठेवलं. ही जाहिरात आहे हे प्रेक्षकाला व्हिडिओ उघडण्याआधीच कळायला हवं होतं, असा तो निर्णय होता. भारतात जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे अ‍ॅस्कीची, इन्फ्लुएन्सरांसाठीची नियमावली 14 जून 2021 पासून लागू झाली. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने सोप्या भाषेतली मार्गदर्शिका काढली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दंड 10 लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत होऊ शकतो.

फुकट आलेलं पार्सलही आता फुकट राहिलेलं नाही. 1 जुलै 2022 पासून आयकर कायद्यात 194आर हे कलम आलं. एका कंपनीने वर्षभरात 20,000 रुपयांवर किमतीचा माल दिला आणि तो आपण ठेवून घेतला, तर 10 टक्के कर कापला जातो. 24,000 चा किट ठेवला तर 2,400. व्हिडिओ करून परत पाठवला तर तो लाभ धरला जात नाही.

शिकवणाऱ्या माणसाची खरी अडचण मात्र दंडाची नाही. फाउंडेशनची शेड हनुवटीच्या कडेला लावून, खिडकीजवळच्या उजेडात बघायची असते. 15-20 मिनिटांनी ती हवेने गडद पडते का, तेही पाहायचं असतं. रिंग लाइटखाली जवळपास प्रत्येक फाउंडेशन चांगलंच दिसतं. ब्रँडला त्या प्रकाशातला पहिल्या मिनिटाचा चेहरा हवा असतो, विद्यार्थिनीला विसाव्या मिनिटाचा. करार करताना ‘वीस मिनिटांनंतरचा चेहरा दाखवेन’ हे लिहून घेणाऱ्या बाईला काही कामं सोडावी लागतात, पण मला तोच सौदा योग्य वाटतो, कारण तिसरी वाट त्याच विश्वासावर उभी असते.

तिसरी वाट म्हणजे कोर्स, आणि आपल्याकडे ती यूट्यूबच्याही आधीची आहे. गावोगावी घरातल्या पुढच्या खोलीत पार्लरचे क्लास चालत आले, शेवटी सर्टिफिकेट. यूट्यूबनेही मे 2013 मध्ये पैसे भरून पाहायचे चॅनल करून पाहिले, ते रुजले नाहीत. 2018 मध्ये मासिक मेंबरशिप आली. शिकवणाऱ्या बहुतेकींनी धडे बाहेरच्या कोर्स अ‍ॅपवर ठेवले आणि गिऱ्हाईक चॅनलवरून नेलं. मघाच्याच चॅनलचा हिशेब पुढे नेऊ: महिन्याला एक ब्रँड 20,000 देतो आणि 1,500 रुपयांच्या कोर्सला 25 जणी येतात, तर कोर्सचे 37,500 होतात. अ‍ॅपचं शुल्क वजा केलं तरी बाकी दोन्ही वाटा मिळून त्याच्या मागेच राहतात.

पण कोर्सचंही दुखणं आहे. नऊवारी नेसवताना काष्टा कुठे ढिला पडला, खोप्याची पिन का निसटते, आयलायनरचा कोपरा का थरथरतो, हे रेकॉर्ड केलेला व्हिडिओ पाहून सुधारत नाही. विद्यार्थिनी पहिले चार धडे बघते आणि पाचव्यापाशी अडकते. मग पैसे परत मागणारे मेसेज येतात. कोर्सच्या अ‍ॅपवर कुठल्या धड्याला किती जणी पोचल्या ते दिसतं, आणि गळती बहुधा हात चालवायच्या पहिल्या धड्यावरच होते. त्यावर अनेकींनी काढलेला उपाय असा: त्वचेचे प्रकार, रंगाची छटा, ब्रशची ओळख आणि स्वच्छता एवढं रेकॉर्ड करून विकायचं आणि त्याच फीमध्ये एक रविवार प्रत्यक्ष प्रॅक्टिकलचा ठेवायचा, एका वेळी आठ-दहाच जणींचा.