शब्दाखाली अर्थ, वाक्याखाली भाषांतर: एका जुन्या मागणीची पार्श्वभूमी

परकी भाषा शिकणारा माणूस पाठ्यपुस्तकाच्या पानाचा फोटो काढतो आणि दोन गोष्टी मागतो: प्रत्येक शब्दाचा सुटा अर्थ आणि पूर्ण वाक्याचे सहज वाचता येईल असे भाषांतर. फोटो नवा असला तरी मागणी हजार वर्षांहून जुनी आहे. या दोन गोष्टी एकाच ओळीत बसवायचा प्रयत्न वारंवार झाला आणि दर वेळी त्यातली एक बिघडली.

इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटावरच्या शुभवर्तमानांचे लॅटिन हस्तलिखित इसवी सन 700च्या सुमाराचे. त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने त्यातल्या लॅटिन शब्दांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत जुन्या इंग्रजीतले अर्थ लिहिले. एका अर्थाने भागले नाही, तर त्याने ‘किंवा’ची खूण करून दुसराही लिहिला. ही अक्षरे नुसती सलग वाचली तर त्यातून नीट इंग्रजी वाक्य होत नाही, कारण शब्दक्रम लॅटिनचाच राहतो. मला हा त्या कामाचा दोष वाटत नाही. त्याने मूळ वाचायला मदत केली. मुळाची जागा घेणारा मजकूर त्याला लिहायचाच नव्हता. आपल्याकडच्या संस्कृत टीकापरंपरेनेही पदच्छेद, पदांचा अर्थ आणि वाक्ययोजना ही कामे वेगवेगळी मानली.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भाषाशिक्षक जेम्स हॅमिल्टनने याच पद्धतीवर आपले वर्ग उभारले. व्याकरण आधी पाठ करायचे नाही. पहिल्या दिवसापासून खरा मजकूर घ्यायचा, ओळीखाली शब्दशः अर्थ छापायचा आणि एका शब्दाला शक्यतो सगळीकडे एकच अर्थ द्यायचा. विद्यार्थी भराभर वाचू लागत. पण खालची ओळ इतकी वाकडी होई की भाषांतर म्हणून ती वाचवत नसे, आणि टीकाकारांनी नेमके त्यावरच बोट ठेवले. पुढे 1911मध्ये सुरू झालेल्या लोब ग्रंथमालेने दुसरे टोक धरले: डाव्या पानावर ग्रीक किंवा लॅटिन, उजव्या पानावर वाचनीय इंग्रजी. वाक्याचा अर्थ कळतो, पण तो कोणत्या शब्दातून आला हे वाचकाने स्वतः शोधायचे.

या ओढाताणीचे सर्वांत स्वच्छ उत्तर भाषावैज्ञानिकांच्या तीन ओळींच्या मांडणीत सापडते. तिचे संकेत आज ‘लाइपझिग नियम’ म्हणून ओळखले जातात. वरच्या ओळीत मूळ वाक्य, मधल्या ओळीत त्याच क्रमाने प्रत्येक घटकाचा अर्थ आणि खाली मोकळे भाषांतर. मधली ओळ वाकडी असणे इथे मान्यच आहे, कारण सरळ वाक्याची जबाबदारी तिसरीवर आहे.

जर्मनच्या पहिल्या काही धड्यांत येणारे एक वाक्य घेऊ:

मूळ: इख श्टेहे उम झीबेन ऊअर आउफ
शब्दार्थ: मी / उभा-राहतो / (वेळ दाखवणारे अव्यय) / सात / वाजता / वर
भाषांतर: मी सात वाजता उठतो.

‘उठणे’ हे क्रियापद इथे दोन तुकड्यांत आहे. ‘श्टेहे’ वाक्यात दुसऱ्या जागी आणि ‘आउफ’ अगदी शेवटी. शब्दकोशात मात्र ते ‘आउफश्टेहेन’ असे जोडून, ‘आउफ’च्या अक्षराखाली मिळते. शिकणारा ‘श्टेहे’ शोधतो, त्याला ‘उभे राहणे’ सापडते आणि तो अडतो. नुसत्या तिसऱ्या ओळीने त्याला ‘उठतो’ कळेल, पण शेवटचा ‘आउफ’ तिथे का आहे हे कळणार नाही. म्हणून त्याला दोन्ही हव्यात, आणि शिवाय हे दोन तुकडे एकाच क्रियापदाचे आहेत अशी खूणही.

फोटोमुळे या जुन्या अडचणीत नवी भर पडते. अक्षरओळख करणारी प्रणाली आधी छापील ओळी उचलते, वाक्ये नव्हे. ओळ ‘ऊअर’पाशी संपली आणि ‘आउफ’ पुढच्या ओळीत गेला, किंवा शेजारच्या स्तंभातली शब्दयादी मध्ये घुसली, की क्रियापद तुटते आणि भाषांतरात माणूस सात वाजता नुसता उभा राहतो. ओळीच्या शेवटी जोडरेघ देऊन मोडलेला शब्दही असाच दोन निरर्थक तुकडे होऊन येतो. त्यामुळे अर्थ पाहण्याआधी उचललेला मजकूर पानाशी ताडून पाहणे आणि एक वाक्य एका ओळीत आणणे आवश्यक असते.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. यंत्र आधी पूर्ण वाक्याचे भाषांतर करून त्याचेच तुकडे शब्दांखाली वाटते, तेव्हा ‘श्टेहे’खाली ‘उठतो’ येते आणि ‘आउफ’खाली काहीच उरत नाही. ही ओळखायची खूण सोपी आहे: फक्त मधली ओळ सलग वाचायची. मूळ भाषेचा शब्दक्रम आपल्या भाषेपेक्षा वेगळा असूनही ती न अडखळता वाचता आली, किंवा एखाद्या शब्दाखालची जागा रिकामी दिसली, तर तो शब्दार्थ नसून तिसरी ओळच मधल्या जागी आलेली असते.