तीनशे चाळीस जीबींचा हिशोब

ठाण्याच्या माझ्या मावसबहिणीचा दिवाळीनंतर फोन आला. "दादा, गुगलची २०० जीबी भरली. आता २ टीबी घेऊ की हार्ड डिस्क आणून एकदाचं मोकळं होऊ?" दोन फोन, एक जुना लॅपटॉप आणि क्लाउड मिळून तिच्याकडे ३४० जीबी फोटो-व्हिडिओ होते. दरवर्षी त्यात साधारण ५० जीबींची भर पडत होती. प्रश्न साधा वाटला, म्हणून कागद घेऊन बसलो.

गुगलच्या क्लाउडचे भारतातले वार्षिक दर गेली काही वर्षं असे आहेत: १०० जीबीला १३०० रुपये, २०० जीबीला २१०० आणि २ टीबीला ६५००. गोम २०० जीबींच्या पुढे आहे. तिथून पुढची पायरी थेट दहापट मोठी आणि तिप्पट महाग. बहिणीचा साठा याच वेगाने वाढला तर दहा वर्षांनी तो ८४० जीबी होईल. म्हणजे पहिल्या दिवसापासून ती २ टीबीचे पैसे भरणार आणि दहाव्या वर्षीही निम्मी जागा रिकामीच राहणार. एकूण खर्च ६५,००० रुपये, तोही दर वाढले नाहीत तर.

आता डिस्क. २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क साडेसात हजारांची धरू. एकच डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, म्हणून दोन घ्यायच्या आणि पाच वर्षांनी दोन्ही बदलायच्या. दहा वर्षांचे झाले ३०,०००. क्लाउडपेक्षा निम्म्याहून कमी, त्यामुळे बहुतेक लोक हिशोब इथेच थांबवतात. पण ज्यांचे फोटो २०० जीबींत मावतात त्यांच्यासाठी उलटं गणित आहे. त्यांना दहा वर्षांच्या क्लाउडला २१,००० लागतात, १०० जीबीत भागलं तर १३,०००च. म्हणजे थोडा साठा असेल तर क्लाउड स्वस्त, आणि ती उडी ओलांडली की डिस्क.

म्हणून पहिलं काम म्हणजे जागा नेमकी कशाने खाल्ली ते पाहणं. बहिणीच्या ३४० जीबींतले तब्बल २२० व्हिडिओंचे निघाले. फोन आणि सेटिंग यांप्रमाणे फोरके व्हिडिओ मिनिटाला १७० ते ३५० एमबी घेतो. शाळेच्या गॅदरिंगचा दहा मिनिटांचा नाच साडेतीन जीबीपर्यंत जातो, आणि तेवढ्या जागेत नऊशे-हजार फोटो सहज बसतात. गेल्या चार वर्षांतली सगळी गॅदरिंगं तिच्याकडे अखंड होती, पडदा उघडायची वाट बघतानाच्या अंधारासकट.

पैशाचं एवढंच. खरा फरक वस्तू हातची कशी जाते यात आहे.

डिस्क मरते. डेटा सेंटरमध्ये लाखो डिस्क चालवणारी बॅकब्लेझ ही कंपनी आपल्या डिस्क किती बिघडतात याचे आकडे नियमित जाहीर करते. अलीकडच्या वर्षांत ते प्रमाण वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास आहे. पण तिथे डिस्क थंड खोलीत, एका जागी बसून फिरतात. आपली डिस्क बॅगेत आदळते, पावसाळ्यात कपाटात दमट होते आणि दोन वर्षांनी एकदम सुरू केली जाते. म्हणून घरच्या डिस्कसाठी मी ५ टक्के धरतो. हा माझा अंदाज आहे, मोजमाप नाही. या दराने एक डिस्क पाच वर्षांत मरण्याची शक्यता २३ टक्क्यांच्या आसपास येते.

दोन डिस्क असल्या की लोक निर्धास्त होतात. समजा, दोन्ही भरून कपाटात ठेवल्या आणि दहा वर्षं हात लावला नाही. एकेक मरण्याची शक्यता ४० टक्के, तर दोन्ही मेलेल्या सापडण्याची १६ टक्के, म्हणजे साधारण सहातली एक. आता त्याच दोन डिस्क दरवर्षी एकदा तपासल्या आणि मेलेली लगेच बदलली, तर घात व्हायला दोन्ही एकाच वर्षात मराव्या लागतात. ती शक्यता वर्षाला पाव टक्का, म्हणजे दहा वर्षांत अडीच टक्के. डिस्क त्याच, खर्चही जवळपास तोच. सहातल्या एकापासून चाळिसातल्या एकापर्यंतचा फरक वर्षातल्या एका रविवारच्या दुपारने पाडला. हा हिशोब दोन्ही डिस्क एकमेकींपासून स्वतंत्र मरतात असं धरतो. त्या एकाच ड्रॉवरमध्ये असतील तर चोर दोन्ही नेतो आणि २६ जुलै २००५ सारखं पाणी दोन्ही भिजवतं. दोन्ही एकदम लॅपटॉपला लावलेल्या असताना व्हायरस आला तर तोही भेदभाव करत नाही. म्हणून दुसरी डिस्क दुसऱ्या घरात हवी.

तपासणं म्हणजे डिस्क लावून दोन फोटो उघडून बघणं नव्हे. कधीकधी डिस्क जिवंत असते, फाइलचं नाव आणि आकारही जागेवर असतो, पण फोटो उघडला की खालचा अर्धा भाग सपाट करडा दिसतो. हजारो फोटोंतला असा एक डोळ्यांनी सापडत नाही. त्यासाठी प्रत्येक फाइलचा 'हॅश' काढून ठेवतात. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या बिट्सवरून गणिताने काढलेला ठसा. एक बिट जरी बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. विंडोजवर पॉवरशेल या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत ही एक ओळ पुरते (फोटो `D:\Photo` फोल्डरमध्ये असतील तर):

```
Get-ChildItem D:\Photo -Recurse -File | Get-FileHash | Export-Csv D:\hash-1.csv
```

पुढच्या वर्षी `hash-2.csv` काढायची आणि दोन्ही याद्या ताडून बघायच्या. ज्या जुन्या फाइलला आपण हात लावलेला नाही तिचा ठसा बदलला असेल, तर ती खराब झाली आहे. मग दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत घ्यायची. डिस्क लावल्यावर 'टक्… टक्…' असा ठराविक आवाज आला तर मात्र काहीच चालवत बसू नका, ती लगेच काढा. माझी एक डिस्क अशीच गेली. मी तीनदा काढून लावून पाहिली, आणि दुरुस्तीवाल्याने तेवढ्यावरूनच कपाळाला हात लावला.

क्लाउडमध्ये डिस्क मरण्याची काळजी जवळजवळ नसते, कारण तिथे एकाच फोटोचे तुकडे आणि प्रती अनेक यंत्रांवर असतात. तिथे मरतं ते खातं. फोटो शाबूत असतो, फक्त तुमच्यासाठी दार बंद होतं, आणि एकदम सगळ्याच फोटोंचं होतं. वर्षानुसार शक्यता काढायला इथे बॅकब्लेझसारखे आकडेही हाताशी नाहीत.

दार बंद होण्याचे रस्ते अनेक. सर्वांत साधा रस्ता म्हणजे पैसे थांबणं. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे ऑटो-पेचे नवे नियम लागू झाले, तेव्हा अनेकांच्या कार्डांवरची सबस्क्रिप्शनं गुपचूप तुटली होती. गुगलमध्ये पैसे थांबले तरी फोटो लगेच जात नाहीत. नवीन काही चढत नाही, आणि जीमेलची जागा त्याच कोट्यातली असल्याने ईमेल येणंही थांबतं. सलग दोन वर्षं खातं मर्यादेबाहेर राहिलं तर मजकूर पुसण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते. हल्ली मोबाइल रिचार्जबरोबर काही महिने फुकट क्लाउड मिळतं, त्याचा सापळा हाच. जागा मिळते तोवर ती भरते आणि मुदत संपली की भाडं सुरू.

दुसरा रस्ता आमच्या घरात घडला. काका गेले. त्यांच्या फोनचा लॉक कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणून दुकानात नेऊन फोन रीसेट केला. त्यानंतर खात्यात शिरायला ओटीपी हवा होता आणि तो त्यांच्या नंबरवर येणार होता. रिचार्ज न केल्याने सिम बंद पडलेलं. बंद झालेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकते, आणि आम्ही जागे झालो तेव्हा तो दिलेलाही होता. त्या खात्यातले फोटो आजही कुठल्यातरी यंत्रावर व्यवस्थित असतील. गुगलवर 'इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आणि अॅपलवर 'लेगसी काँटॅक्ट' अशा सोयी यासाठीच आहेत, पण त्या माणूस हयात असतानाच भराव्या लागतात.

तिसरा रस्ता दुर्मीळ, पण त्यावर दाद कुठे मागायची तेच कळत नाही. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने डॉक्टरांना दाखवायला आजारी लेकराच्या गुप्तांगाचा फोटो काढला. गुगलच्या स्वयंचलित तपासणीत तो बाललैंगिक शोषणाचा फोटो ठरला आणि त्याचं खातं बंद झालं. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष ठरवलं, तरी खातं परत मिळालं नाही. फोटो, ईमेल, काँटॅक्ट सगळं एकाच किल्लीत होतं.

आणि एक गैरसमज. फोनशी जोडलेलं क्लाउड म्हणजे आरसा. गुगल फोटोजच्या अॅपमधून फोटो पुसला की तो क्लाउडमधूनही जातो. चढवलेला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो आणि मग कायमचा जातो. लहान मुलाच्या हातात फोन देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

बहिणीने शेवटी २०० जीबींचीच योजना ठेवली आणि जुने व्हिडिओ डिस्कवर हलवले, नवेही तिथेच जाणार. उरलेल्या १२० जीबी फोटोंची भर वर्षाला दहाएक जीबींची, म्हणजे सात-आठ वर्षं हे पुरेल. मग थोडी छाटणी करून हीच योजना चालवली, तर दहा वर्षांचा खर्च ५१,००० येतो. निव्वळ डिस्कपेक्षा महाग, पण फोटो दोन्हीकडे असतात, आणि खातं बंद पडणं व डिस्क मरणं यांचा एकमेकांशी संबंध नाही.

हलवाहलवीत मात्र दमछाक झाली. साठा उतरवून घ्यायच्या गुगलच्या 'टेकआउट' सोयीतून ५० जीबींच्या चार झिप फाइल्स आल्या. त्यांचा दुवा आठवडाभरच चालतो आणि तिसरी फाइल दोनदा अर्ध्यात तुटली. उघडून पाहते तर विंडोजमध्ये सगळ्या फोटोंवर त्याच दिवसाची तारीख. घाबरून तिने मला फोन केला. कॅमेऱ्याच्या फोटोंत खरी तारीख फाइलच्या पोटात असते, ती शाबूत होती. पण आजोबांचे स्कॅन केलेले फोटो आणि व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो यांच्या पोटात तारीखच नसते. आजोबांच्या फोटोंना तिने गुगलमध्ये हाताने दिलेली १९७२, १९८५ ही सालं शेजारच्या `.json` फाइल्समध्ये गेली होती, आणि पसारा नको म्हणून तिने त्याच आधी पुसल्या होत्या. झिप अजून शिल्लक होत्या म्हणून भागलं.

दुसरी डिस्क आता डोंबिवलीला मावशीकडे, तिसऱ्या मजल्यावर आहे. तिच्यावर तपासणीची तारीख चिकटपट्टीने लावली आहे: भाऊबीज. त्या दिवशी मी तिथे जेवायला असतोच.