हिरव्या शालूचा रंग हनुवटीखाली का येतो आणि काढायचा कसा

लग्नाचे फोटो एडिट करताना हे मला दरवेळी दिसतं, नवरीने हिरवा शालू नेसलेला असतो, दुपारचं कडक ऊन असतं आणि हनुवटीखाली, गळ्यावर एक मळकट हिरवट झाक असते. कॅमेऱ्याची यात काही चूक नाही. शालूवर पडलेल्या उन्हातला लाल आणि निळा प्रकाश कापड बराचसा शोषून घेतं, हिरवा परत फेकतं, आणि तो खालून वर जातो म्हणून हनुवटीच्या खालच्या बाजूलाच लागतो. कपाळावर मात्र सरळ ऊन असतं, त्यामुळे तिथे काही दिसत नाही.

एका फोटोत मी आकडे बघितले. गालावर लाल 205, हिरवा 160, निळा 135. हनुवटीखाली 120, 112, 85. आता सावलीत तिन्ही आकडे साधारण एकाच प्रमाणात उतरायला हवेत, म्हणजे लाल 120 असेल तर हिरवा 94 च्या आसपास, इथे तो 18 ने जास्त आहे. आणि गंमत बघा, हिरवा वाढूनही लाल अजून पुढेच आहे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशेबात हा रंग हिरवा नाहीच, पिवळट आहे. म्हणून बरेच जण हिरव्याचा स्लायडर ओढतात तेव्हा गळा तसाच राहतो आणि शालू मात्र फिका पडतो. अख्ख्या फोटोचा व्हाइट बॅलन्स बदलला तर कपाळ गुलाबी होतं, कारण चेहऱ्यावर दोन वेगळे प्रकाश आहेत आणि आपण दोघांना एकच औषध देतोय.

मी फोटोशॉपमध्ये वर नवीन लेयर घेते, ब्लेंड मोड `Color` ठेवते, म्हणजे उजेड-सावली खालच्या फोटोचीच राहते, फक्त रंग बदलतो. मग मऊ ब्रश, फ्लो 10 टक्के, हळूहळू. रंग कुठून उचलायचा हे सगळ्यात महत्त्वाचं. उजळ गालावरून उचलला तर सावलीत तो फार भडक, विटकरी दिसतो, म्हणून कानाजवळची किंवा कानशिलाची तेवढीच काळसर पण स्वच्छ त्वचा शोधायची. ओठ आणि दागिन्यांवर ब्रश जाऊ द्यायचा नाही, सोन्याचा रंग लगेच मरतो. लाइटरूममध्ये असाल तर तेवढ्याच भागाला मास्क करून `Tint` थोडा मॅजेंटाकडे न्यायचा.

जास्त झालं हे ओळखायला फोटो लहान करून बघा, जबड्याच्या कडेला रेघ दिसली किंवा गळा चेहऱ्यापेक्षा गुलाबी वाटला तर लेयरची ओपॅसिटी कमी करा. शालूला लागून असलेल्या गळ्यावर किंचित हिरवट राहिलं तर मी ते राहू देते, तिथे ते खरंच असतं.

भगव्या भिंतीचं किंवा झेंडूच्या माळांचं प्रकरण जास्त अवघड असतं. त्वचा मुळातच नारिंगी छटेची, त्यामुळे रंग बदलल्यासारखा वाटत नाही, नुसता गडद होतो. तिथे तेवढ्याच भागाचं सॅच्युरेशन कमी केलं की बरंचसं काम होतं. पण निळ्याचा आकडा 0 वर गेला असेल तर तिथला तपशील त्या चॅनलमध्ये उरलेलाच नसतो, मग तो भाग सपाट, मेणासारखाच दिसतो. म्हणून शूटच्या वेळीच नवरीला भिंतीपासून दोन पावलं पुढे घ्या आणि फ्रेमच्या बाहेर, खालून, पांढरं थर्माकोल धरा.